जुने चित्र, नवा पडदा

नव्या, मोठ्या दूरचित्रवाणी संचाविषयी एक तक्रार अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकू येते. संच आणला, भिंतीवर बसविला, आणि क्रिकेटचा सामना लावला तर मैदानावरील गवताची पाती मोजता यावीत इतके स्वच्छ चित्र! परंतु त्याच संचावर एखादी जुनी संगीतसभा लावावी, अथवा 1987 साली प्रथम दाखविली गेलेली आणि 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा घराघरांत पाहिली गेलेली ‘रामायण’ मालिका लावावी, तर चेहरे मेणाचे वाटतात, कडा दुहेरी होतात आणि मागची भिंत सरपटू लागते. मग घरातील वडील माणूस म्हणते, “आमच्या जुन्या डब्यावर हे याहून चांगले दिसत होते.” तरुण मंडळी हसतात. पण यात हसण्यासारखे काही नाही. जुन्या डब्यावर ते खरोखरच चांगले दिसत होते, आणि ते का, हे समजले म्हणजे नव्या संचाच्या कोणत्या खुंट्या किती पिळाव्यात हेही आपोआप समजू लागते.

प्रथम थोडा हिशेब करू. भारतात जी जुनी प्रक्षेपणपद्धती रूढ होती तिच्यात चित्र 625 रेषांचे मानले जाई. त्यांपैकी प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला सुमारे 576 रेषा येत. अंकीय पद्धतीत अशा प्रत्येक रेषेचे 720 बिंदू करतात. म्हणजे एका चित्रात बिंदू झाले 4,14,720. आज बाजारात ‘फोर-के’ म्हणून जो संच मिळतो त्याच्या पडद्यावर उभे 2160 आणि आडवे 3840 बिंदू असतात. जुने चित्र चारास तीन या प्रमाणाचे असल्यामुळे ते पडद्याचा मधलाच भाग व्यापते, दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात. तो मधला भाग 2880 गुणिले 2160, म्हणजे 62,20,800 बिंदूंचा. भागाकार करून पाहा: बरोबर 15 येतात. प्रक्षेपण केंद्राकडून आलेल्या दर एका बिंदूमागे चौदा बिंदू आपल्या संचाने स्वतःच्या पदरचे घातलेले असतात. चित्र ताणून पडदा भरून टाकला, तर हे प्रमाण विसास एक होते, आणि शिवाय गायक तेहतीस टक्क्यांनी रुंद होतो ते वेगळेच!

आता जुन्या डब्याकडे वळू. वीस इंची जुन्या संचाचा पडदा सुमारे 30 सेंटीमीटर उंच असे. त्यावर एक रेषा साधारण अर्ध्या मिलिमीटरची पडे. मनुष्याच्या डोळ्याला सहा फुटांवरून अशा दोन रेषा वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्या एकमेकींत मिसळून जातात. पंचावन्न इंची नव्या पडद्यावर तेच चित्र 68 सेंटीमीटर उंच होते, एक रेषा 1.2 मिलिमीटरची होते, आणि ती मिसळण्यासाठी सुमारे तेरा फूट दूर बसावे लागते. आपल्या बैठकीच्या खोलीत तेरा फूट आणायचे कोठून? तेव्हा पूर्वी जे दोष डोळ्याच्या मर्यादेआड झाकून राहत ते आता उघडे पडले आहेत. शिवाय जुन्या काचेच्या नळीत उजेडाचा ठिपका कडेला आपसूक विरघळत असे. ती मृदुता नव्या पडद्यात नाही. येथे प्रत्येक बिंदू हा चौकोनी आणि कडक.

बिंदू भरण्याचे काम संच कसे करतो, ते पाहू. पहिली अडचण मोठे करण्याची नसून चित्र जुळविण्याची आहे. जुना कॅमेरा सगळ्या रेषा एकदम पाठवीत नसे. प्रथम एकाआड एक अशा 288 रेषा, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या राहिलेल्या 288. असे अर्धे अर्धे चित्र सेकंदास पन्नास वेळा येई. वस्तू स्थिर असेल तर दोन्ही अर्धी एकमेकांत विणली की पूर्ण चित्र मिळते. वस्तू हलत असेल तर मात्र दुसऱ्या अर्ध्यात ती किंचित पुढे सरकलेली असते, आणि सरळ विणल्यास तिच्या कडेला कंगव्याचे दाते फुटतात. म्हणून पडद्याच्या प्रत्येक भागाबद्दल संचाला निर्णय घ्यावा लागतो: येथे हालचाल आहे की नाही? नसेल तर विणायचे. असेल तर एकाच अर्ध्यावरून मधल्या रेषांचा अंदाज बांधायचा. या निर्णयात तो चुकतो तेथे तंबोऱ्याच्या तारा लुकलुकतात आणि रेघारेघांचा सदरा थरथरू लागतो. हा दोष पुढच्या कोणत्याही खुंटीने जात नाही, हे येथेच सांगून ठेवतो.

त्यानंतर वाढविण्याची क्रिया. गायकाच्या काळ्या कोटाची कड घ्या. प्रकाशाचे माप शून्यापासून 255 पर्यंत धरले, तर कोटाचा बिंदू 40 आणि शेजारचा भिंतीचा बिंदू 200 आहे असे समजू. या दोहोंच्या मध्ये तीन नवे बिंदू घालायचे आहेत. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे समान पायऱ्या करणे: 40, 80, 120, 160, 200. बेरीज-वजाबाकी चोख आहे, परंतु जी कड एका पावलात चढत होती ती आता चार पायऱ्यांचा उतार झाली. चित्र धूसर दिसते ते यामुळेच. याहून चतुर पद्धती केवळ दोन शेजाऱ्यांना न विचारता आसपासच्या अनेक बिंदूंना विचारतात व उतार अधिक उभा ठेवतात. अगदी अलीकडचे संच तर कारखान्यातच शिकवून ठेवलेले असतात: स्पष्ट चित्रांच्या आणि त्यांच्याच मुद्दाम बारीक केलेल्या प्रतींच्या असंख्य जोड्या दाखवून, ‘अशा धूसर कडेच्या मुळाशी बहुधा अशी कड असते’ हे त्यांच्यात मुरविलेले असते. अक्षरांच्या कडा, छपरांच्या रेषा, सरळ किनारी यांबाबत हा अंदाज पुष्कळदा सुरेख साधतो. पण तो अंदाजच. ज्या संगीतसभेत मागच्या रांगेतील श्रोत्याचा चेहरा मुळातच दहा-बारा बिंदूंचा आहे, तेथे डोळे कसे होते हे कोणालाच ठाऊक नाही. संच डोळ्यांसारखे काही काढतो, एवढेच.

येथे तीक्ष्णता वाढविणाऱ्या खुंटीचा, म्हणजे रिमोटच्या भाषेत शार्पनेसचा, संबंध येतो. या नावाने मोठी फसवणूक केली आहे. ही खुंटी चित्रात नवा तपशील आणीत नाही. ती एवढेच करते की कड दिसली की तिच्या काळ्या अंगाला अधिक काळे करते आणि उजळ अंगाला अधिक उजळ. आपल्या उदाहरणात कोटाची बाजू 40 वरून 25 वर उतरते व भिंतीची 200 वरून 215 वर चढते. डोळ्याला फरक मोठा वाटतो व क्षणभर चित्र रेखीव भासते. परंतु खुंटी आणखी पिळली की कोटाभोवती पांढरी किनार स्पष्ट दिसू लागते. पुराणकथेच्या मालिकेत देवांच्या मुकुटामागे प्रभावळ असावी हे योग्यच. पण ती सारथ्याच्या, द्वारपालाच्या आणि मागच्या खांबाच्याही भोवती दिसू लागली, म्हणजे ती दिग्दर्शकाची नसून आपल्या संचाची आहे असे ओळखावे.

जुन्या कार्यक्रमांत यावर आणखी एक भर असते. त्या काळच्या कॅमेऱ्यांतून चित्र काहीसे मऊ येई, म्हणून मुद्रण करतानाच त्याच्या कडा उठावदार करण्याची रीत होती. ती पांढरी किनार त्या फितीवरच कायमची बसली आहे. एका बिंदूची ती किनार मोठ्या पडद्यावर चार बिंदूंची होते, आणि वर आपण शार्पनेस वाढविली की यंत्र त्या किनारीलाच खरी कड समजून तिलाही किनार लावते. आपण पाहतो ते मग कोटाचे चित्र राहत नाही, किनारीच्या किनारीचे होते.

आता मुंग्यांकडे येऊ. पडद्यावर सतत वळवळणाऱ्या कणांना आपल्याकडे घरोघर मुंग्या म्हणतात आणि याहून चांगला शब्द मला सुचत नाही. या मुंग्या जुन्या कॅमेऱ्यातून आणि फितीतून येतात. त्यांचा एक गुण असा, की त्या दर चित्रात निराळ्या जागी असतात. भिंत मात्र तेथेच असते. म्हणून लागोपाठच्या चार चित्रांची सरासरी काढली तर भिंत तशीच राहते आणि मुंग्या निम्म्या होतात. सोळा चित्रांची काढली तर चतुर्थांश. नॉइज रिडक्शन नावाच्या खुंटीमागे मुख्यतः हीच युक्ती आहे. तिची किंमत हालचालीत मोजावी लागते. चार चित्रे म्हणजे सेकंदाचा सुमारे सहावा भाग. तेवढ्या अवधीत तान घेणाऱ्या गायकाचा हात वीतभर सरकतो, आणि सरासरीत त्या हाताची पुसट छाया मागे राहते. संच शहाणा असेल तर हलत्या भागात सरासरी काढीत नाही. परंतु मुंग्या फार असतील तर वळवळ कोणती आणि हालचाल कोणती हेच त्याला उमगत नाही. जेथे काळाची सरासरी चालत नाही तेथे काही संच शेजारच्या बिंदूंची सरासरी काढतात. तेथे मुंग्यांबरोबर सुरकुत्या, केसांच्या बटा आणि शालीचे विणकामही जाते. मेणाचे चेहरे यातूनच निर्माण होतात.

मुंग्यांहून वेगळा असा दुसरा उपद्रव प्रक्षेपणाच्या दाबणीतून येतो. वाहिनीला ठरावीक जागेत चित्र कोंबावे लागते. त्यासाठी चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकाचे संक्षिप्त वर्णन पाठवितात. जागा अपुरी पडली की चौकोनांचे सांधे दिसू लागतात आणि कडांच्या भोवती धुरकट कण घोंघावतात. इंग्रज तंत्रज्ञांनी त्यांना डास म्हटले आहे. म्हणजे आपल्या मुंग्यांना शेजार बरा मिळाला! दुर्दैव असे की या दोहोंचे सख्य आहे. मुंग्यांना काही नियम नसल्यामुळे त्यांचे संक्षिप्त वर्णन करताच येत नाही; सारी जागा त्याच खातात आणि गायकाच्या चेहऱ्यासाठी उरते थोडी. म्हणून मुंग्यांनी भरलेली जुनी फीत जेव्हा कमी जागेच्या वाहिनीवर येते तेव्हा मुंग्या पुसट चौकोनांत रूपांतरित होतात, आणि भिंत सरपटल्यासारखी दिसते ती अशी. चौकोन पुसण्यासाठी पुष्कळ संचांत निराळी खुंटी असते. तिच्या नावात बहुधा MPEG ही अक्षरे असतात.

समोरचा दोष कोणता हे ओळखावे कसे? एक सोपी खूण आहे. पडद्याच्या कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह असते. कार्यक्रम चाळीस वर्षांपूर्वीचा असला तरी ते चिन्ह आजचे, स्वच्छ, प्रक्षेपणाच्या वेळी वर चिकटविलेले असते. चिन्ह निर्मळ आणि चित्रात मात्र वळवळ, तर दोष फितीतला. चिन्हाच्या भोवतीही चौकोन आणि डास दिसतात, तर तो दाबणीतला. आणि चिन्ह, चित्र, कडेच्या काळ्या पट्ट्या या सर्वांतच कण किंवा तिरप्या लहरी दिसत असतील, तर आपल्या घरातील तार तपासावी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची जुनी तार असल्यास ती काढून एचडीएमआय तार लावावी. मात्र याच चिन्हावर नजर ठेवून शार्पनेस लावू नये. चिन्ह रेखीव असल्यामुळे ते पुष्कळ पिळले तरी सोसते. जुने चित्र सोसत नाही.

अजून एक गोष्ट खुंट्यांना हात लावण्यापूर्वीच पाहावयाची असते, आणि तिच्याकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते. मोठे करण्याचे काम संच करतो असे मी म्हणत आलो. पण अनेक घरांत ते काम संचाआधीच सेट-टॉप बॉक्सने उरकलेले असते. बॉक्सच्या मेनूत चित्राच्या मापासमोर 1080i असे लिहिलेले आढळले, तर 576 रेषांच्या 1080 रेषा त्या लहानशा डबीने केल्या आहेत असे समजावे. यात दुहेरी नुकसान संभवते. एक तर डबीची गणितशक्ती बहुधा संचाहून बेताची असते. दुसरे असे, की आठ बिंदूंचा चौकोन या वाढीत पंधरा बिंदूंचा होतो. चौकोन पुसणारी संचाची यंत्रणा आठाची पट्टी हातात धरून सांधे शोधीत असेल, तर तिला पंधराचे सांधे सापडत नाहीत. संचाला वाटते, आपल्याकडे मूळचेच उत्तम चित्र आले आहे. आणि तो ते दोष जतन करून पुन्हा मोठे करतो. उपाय असा, की बॉक्सच्या मेनूत माप 576i, ते नसल्यास 576p करावे, आणि तोच कार्यक्रम दोन्ही मापांवर पाहावा. क्वचित एखाद्या स्वस्त संचावर बॉक्सचेच काम सरस ठरते, म्हणून डोळ्यांनी पाहून ठरविणे बरे. मात्र उच्च प्रतीच्या वाहिनीकडे जाताना माप परत बदलण्यास विसरू नये, नाहीतर तिचेही चित्र 576 रेषांवर उतरते.

आता एका संगीतसभेवर हे सारे करून पाहू. 1980 च्या दशकातील मुद्रण आहे असे धरा: मध्यभागी वृद्ध गायक, मागे दोन तंबोरे, गडद पडदा. यासारखे परीक्षेचे चित्र दुसरे नाही. तंबोऱ्याच्या तारा अतिशय बारीक आहेत, चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, पडदा स्थिर आहे आणि हात चपळ आहे. प्रथम ‘व्हिव्हिड’ अथवा ‘डायनॅमिक’ यासारखी भडक रंगयोजना सोडून ‘सिनेमा’ ही घ्यावी. मग सर्व सुधारणा बंद करून पाच मिनिटे नुसते पाहावे. यावेळी दिसणारे चित्र मऊ आणि मुंग्यांचे असेल, पण तेच आपल्या हाती आलेले खरे चित्र होय.

नंतर शार्पनेस. तिचा मध्यम बिंदू सर्व संचांत सारखा नसतो. काही संचांत शून्य म्हणजे ‘काही करू नको’. काहींत शंभरापैकी पन्नास म्हणजे ‘काही करू नको’ आणि त्याखाली चित्र मुद्दाम धूसर केले जाते. म्हणून अंकावर विश्वास न ठेवता खुंटी तळाशी न्यावी आणि हळूहळू वर आणावी. नजर तंबोऱ्याच्या दांडीच्या कडेवर ठेवावी. दांडीशेजारी पांढरी रेघ उमटली की थांबावे आणि तेथून थोडे खाली यावे. जुन्या फितीच्या बाबतीत ही जागा पुष्कळदा मध्यम बिंदूवर किंवा त्याच्याही किंचित खाली येते. शिकवलेल्या संचांत तपशील ‘निर्माण’ करणारी निराळी खुंटी असते. तीही याच कसोटीने, पण अधिक संशयाने वापरावी.

मुंग्यांची खुंटी त्यानंतर ‘बंद’वरून ‘कमी’वर आणावी. ‘ऑटो’ हा आळशी माणसाचा सोबती आहे. तो निवेदनाच्या वेळी एक निर्णय घेतो आणि द्रुत लयीत दुसरा. ‘कमी’वर मागचा पडदा शांत झाला, हाताच्या मागे छाया राहिली नाही आणि तारा चारच्या चार दिसत राहिल्या, तर काम झाले. ‘मध्यम’ करून पाहण्यास हरकत नाही. तेथे बहुधा प्रथम तारा पुसतात, मग गालावरच्या सुरकुत्या. आणि मान हलली की चेहऱ्याचा पोत चेहऱ्याबरोबर न हलता मळक्या काचेसारखा जागच्या जागी राहतो. असे दिसताच मागे फिरावे. गायकाचे वय, त्याच्या कपाळावरची आठी, सम गाठताना डोळ्यांशी पडणारी घडी हे या मुद्रणात टिकून राहिलेले आहे. ते घालवून निर्मळ पडदा मिळविणे हा सौदा मला तरी परवडत नाही. थोड्या मुंग्या राहिल्या तर राहोत.

चौकोनांची खुंटी शेवटी, आणि केवळ बोधचिन्हाच्या भोवती डास दिसत असतील तरच. रंगाबाबत एवढे ध्यानात ठेवावे, की जुन्या पद्धतीत रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलाहून कितीतरी ढोबळ पाठविला जाई. म्हणून लाल शालीचा रंग काठाबाहेर सांडतो. तो शार्पनेसने आत येत नाही. रंगाची खुंटी दोन-चार अंकांनी उतरविली तर तो सांडलेला डोळ्यात कमी भरतो.

फितीऐवजी फिल्मवर घेतलेला जुना कृष्णधवल चित्रपट लागला, तर हे माप तसेच चालत नाही. त्यावरचे कण हे फिल्मच्या लेपाचेच असतात, चित्र त्या कणांचेच घडलेले असते. तेथे मुंग्यांची खुंटी पूर्णपणे बंद ठेवलेली बरी. बहुतेक संच हे माप प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र लक्षात ठेवतात. तेव्हा बॉक्सची जोडणी जुन्या वाहिन्यांसाठी लावून ठेवावी, आणि क्रिकेट दुसऱ्या जोडणीवर पाहावे.